मावशीनं कापलेले अभिप्राय

माझी मावशी जुन्या कपड्यांना नवं माप देते. कुणाचं सुटलेलं पोट, कुणाची उतरलेली तब्येत, सगळं तिच्या कात्रीखालून जातं. हातात कसब, जीभ तिखट आणि घड्याळाशी उभा दावा. तळमजल्यावरची जागा सुटली आणि ती तिसऱ्या मजल्यावर गेली, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं गुडघे धरून एकदोनदा आली आणि मग येईनाशी झाली. नवी मिळाली नाहीत तर मशीन विकून टाकेन, असं ती हसत सांगायची. मला ते हसणं बघवत नसे.

वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. तिलाही एक करून दिली. म्हटलं, "मावशी, अनोळखी माणूस तुझ्यावर भरवसा ठेवणार तो आधी आलेल्यांचं मत वाचून." जुन्या गिऱ्हाइकांची परवानगी घेऊन अभिप्राय मागवले. ते साइटवर चढवायचं काम मात्र तिच्यावर सोपवलं आणि तिथंच फसले.

बाईसाहेबांनी अभिप्रायही मापात बसवले! बँकेतल्या एका बाईंनी लिहिलं होतं, "काम उशिरा मिळालं, दोन हेलपाटे पडले, पण ब्लेझर असा बसला की बहिणीला नवाच वाटला." मावशीनं सुरुवातीचा तक्रारीचा भाग सरळ उडवला. बाकीच्यांचंही तेच. पानभर नुसता साखरेचा पाक, कुणाचा विश्वास बसणार? महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही.

मग बँकेतल्या बाईंचाच फोन आला. "शब्द माझे आहेत, पण मत माझं नाही. पूर्ण टाका, नाहीतर काढून टाका."

मावशी माझ्यावरच उखडली. "लांब होतं, कमी केलं. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

"गिऱ्हाइकाला न विचारता कधी बाही कापलीस?"

तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "टाक सगळं. जाऊ दे अब्रू एकदाची."

मी प्रत्येक अभिप्राय जसाच्या तसा टाकला. काम कोणतं आणि कधीचं, तेही लिहिलं. बँकेतल्या बाईंच्या तक्रारीखाली मावशीनं स्वतः उत्तर दिलं, "उशीर झाला, खरं आहे. अस्तर पुन्हा उसवावं लागलं, आणि मी ते वेळेवर कळवलं नाही."

काही दिवसांनी एक बाई धापा टाकत वर आल्या. पिशवी छातीशी घट्ट धरलेली.

"यांचा कोट आहे. हे गेले. मुलाच्या मापाचा करायचाय." मग म्हणाल्या, "तुमच्याबद्दलची तक्रार वाचली. ती लपवली नाहीत, म्हणून आले. पुढच्या आठवड्यात मिळेल?"

मावशीचं तोंड हो म्हणायला उघडलं होतं, मी पाहिलं.

"नाही जमणार," ती म्हणाली. "तीन आठवडे लागतील."

बाईंनी पिशवीतून कोट काढला, एकदा बाहीवरून हात फिरवला आणि मावशीच्या हातात दिला.