दिवाळी ते संक्रांत

प्रमिलाबाईंना त्या दिवसांत सगळ्यांचाच राग येत होता, आणि सगळ्यात जास्त दिराचा. सेलूच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून खरेदी सदाशिवराव बघत आणि चेकवर सही प्रमिलाबाई करत. आता दिवाळीच्या तोंडावर सदाशिवरावांनी एकच धोशा लावला होता: दुकानाचं सगळं भांडवल, आठ लाख, वाळल्या सोयाबीनमध्ये घालायचं, गोदामात थप्पी मारायची आणि संक्रांतीला विकायचं.

"दादांनी जन्मभर तेच केलं, वहिनी. दिवाळीले घ्या, संक्रांतीले विका. भाव वाढतेच."

"दरसाली वाढते?"

"दरसाली."

बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण 'दरसाली' हा शब्द ऐकला की त्यांना मोजून बघावंसं वाटे. नवऱ्याच्या चौदा वर्षांच्या डायऱ्या पेटीतच होत्या. त्यांनी प्रत्येक सालचा लक्ष्मीपूजनाचा आणि संक्रांतीचा भाव उतरवला. चौदापैकी बारा वर्षं भाव वाढलेला. सदाशिवराव मिशीतल्या मिशीत हसले. "आता आणखी एक. महिनाअखेरीले तेलाचे कारखानेवाले हात आखडतात, भाव पडते. तेव्हाच माल उचलू."

सून भावना मोबाईलवर बाजार समितीचे दर बघत होती. ती म्हणाली, "काका, आधी कागदावर लिहून द्या, महिन्याचा कोणता दिवस. मग मी पाहते."

त्यांनी 'शेवटचा दिवस' असं लिहून दिलं. भावनाने पाच वर्षांचे साठ महिने तपासले. एकोणतीस वेळा भाव पडला, एकतीस वेळा चढला. सदाशिवराव म्हणाले, शेवटचे दोन दिवस धर. तेही जमेना, तेव्हा म्हणाले, पुढच्या महिन्याची पहिली तारीख धर. भावनाने मोबाईल उलटा ठेवला. "असे दिवस बदलत गेलं तर एखादा तर लागणारच, काका. त्याले काय अर्थ हाय?"

"तुमाले धंदा करायचाच नाई," म्हणून ते ताडकन उठून गेले.

महिनाअखेर निकालात निघाली, पण संक्रांतीच्या त्या बारा वर्षांचं काय करायचं? बाईंना चैन पडेना. त्या पुन्हा डायऱ्या घेऊन बसल्या, आणि भावापुढचे बारीक आकडे तेव्हा कुठे त्यांच्या नजरेत भरले. एका सालच्या लक्ष्मीपूजनाला क्विंटलचा भाव '३६००' आणि पुढे '१७'. संक्रांतीला '४०००' आणि पुढे '११'. ओलावा मोजायच्या मशीनचे टक्के होते ते. दिवाळीचा भाव हिंगणीकडून आलेल्या ओल्या मालाचा आणि संक्रांतीचा भाव वाळल्या मालाचा. आपण इतके दिवस दोन वेगळ्या वस्तूंचे भाव एकमेकांशी लावत बसलो, म्हणून त्यांना स्वतःचाच संताप आला.

सुदैवाने नवरा बारीक नोंदी ठेवणारा होता. दिवाळीच्याच पानावर खाली वाळल्या मालाचाही भाव असे. त्या सालीही लक्ष्मीपूजनाला वाळला माल चार हजारांनीच गेला होता. बाईंनी वाळल्याशी वाळला लावून चौदाही वर्षं नव्याने मांडली. सात वर्षं वाढ, सहा वर्षं घट, एक वर्ष जैसे थे. वाढलेल्या वर्षांतही गोदामाचं भाडं आणि व्याज वजा केलं तर हाती फारसं लागत नव्हतं.

मग नवऱ्याला पैसे सुटायचे ते कुठून? शंभर क्विंटल ओला माल वाळला की त्र्याण्णव उरतो. छत्तीसशेंनी घेतलेल्या मालाच्या तीन लाख साठ हजारांचे चार हजारांनी विकून तीन लाख बहात्तर हजार होतात. बारा हजार सुटले. डायरीत कडेला दोनच शब्द होते: 'घरी वाळवला.'

घरी म्हणजे कोणी? सगळी आळी दिवे लावायची तेव्हा प्रमिलाबाई गच्चीवर पायाने सोयाबीन फिरवत असायच्या. दहा-दहा दिवस, चार बायांचं काम एकटीने. सांजेला गोळा करायचं, ताडपत्री घालायची, सकाळी पुन्हा पसरायचं. एकाही दिवाळीत त्यांच्या टाचा धड नव्हत्या. आणि नवरा जेवताना सांगायचा, संक्रांतीची तेजी लागली. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच चीड आली.

शनिवारी सदाशिवराव चेक न्यायला आले. बाईंनी सगळे कागद त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी दोनदा पाहिले.

"वाळवणं त घरचं काम, वहिनी. ते कोण धरते?"

"ते धरलं नाई म्हणून तुमी संक्रांत धरली. वाळला माल ठेवून काई भेटत नाई, भाऊजी. चेक भेटणार नाई. ओला माल घ्यायचा असंन त घ्या. पण माह्यानं आता गच्ची चढणं होत नाई. शंभर क्विंटलले चार बाया लावा, दहा दिवस, एकीले तीनशे रुपये रोज."

सदाशिवरावांनी बोटांवर हिशोब केला. मग पुन्हा केला.

"बारा हजार?" ते म्हणाले. "मंग उरते काय?"

बाईंनी चेकबुक पेटीत ठेवलं आणि वर डायऱ्या रचल्या. "तेच त इचारून राह्यली मी," त्या म्हणाल्या.