माझ्या किडनीची गोळी

माझी एक किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात आहे. नागपूरला बदलली. त्यानंतर आम्ही पुसदला परत आलो आणि मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. कुठलं काय! वर्षभरात ह्यांच्या हिरड्या फुगायला लागल्या. दातांच्या मधून वर चढल्या, पुढचे दात अर्धे झाकले गेले. शेजारणी म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा द्या. ब्रश लावला की रक्त यायचं, म्हणून ह्यांनी ब्रशच सोडला. मग तर त्या जास्तच फुगल्या. बोलणं कमी झालं, जेवायला हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला वाटलं, रागावलेत माझ्यावर.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढतच नेलं. तिने गोळ्यांच्या पट्ट्या मागितल्या, बघितल्या. म्हणाली, किडनी टिकवायची ही गोळी हिरड्या वाढवते, बीपीची गोळी त्यात भर घालते, आणि दातांवरच्या घाणीने आणखी वाढतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, नागपूरच्या डॉक्टरांशी मी बोलते.

ह्यांनी पहिलं तेवढं ऐकलं, शेवटचं नाही. दोन दिवसांनी उशी झटकताना खालून गोळ्या निघाल्या. माझं डोकंच फिरलं.

"किडनी माही हाय," मी म्हटलं. "तिची गोळी तुमी काहून चुकवता?"

ते हळूच म्हणाले, "तुले माह्या तोंडाकडं पाहवत नाही, असं वाटलं."

अहो, एवढं वाईट वाटलं मला! तिथेच रडले आणि रडता रडता शिव्याही घातल्या. दुसऱ्या दिवशी नागपूर गाठलं. रक्ताचा रिपोर्ट थोडा बिघडलेला होता, तो सुधारेपर्यंत मला घास गोड लागला नाही. मग डॉक्टरांनी गोळी बदलून दुसरी दिली, बीपीचीही बदलली. इकडे डॉक्टरीणबाईंनी दात साफ केले, मऊ ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं. काही महिन्यांत हिरड्या बऱ्याच उतरल्या. उरलेल्या, नागपूरहून होकार आल्यावर, भूल देऊन कापल्या. आठवडाभर घरात गार दूध आणि मऊ भात.

तपासणीला गेलो तेव्हा तिने आरसा दिला. सगळे दात दिसत होते. ती म्हणाली, पुन्हा वाढू शकतात, ब्रश सोडू नका, दाखवत राहा. ह्यांचा चेहरा लगेच उतरला. बाहेर येऊन म्हणाले, "पुन्हा वाढल्या तर?"

"तर पुन्हा कापू," मी म्हटलं. "हिरड्या कितीबी वाढू द्या. तुमी राहा म्हंजे झालं."