वजदीच्या मावशीची झोप

शुब्रा नावाच्या वस्तीतल्या आमच्या टीचभर स्टुडिओत मनःस्वास्थ्याचे व्हिडिओ बनतात. त्यांचे शब्द सुहेरताई लिहिते. तिच्या घरात कुणी नुसतं शिंकलं तरी ती रोगाचं नाव सांगून मोकळी होते. कागदावर मात्र कुणाला सर्दीसुद्धा होऊ देत नाही.

आमचा निवेदक वजदी म्हणजे घोगरा आवाज आणि मोठी हौस. परवा त्यानं ताईचे शब्द बाजूला सारून स्वतःचेच ठोकले, "झोप लागत नाही? तुम्हाला नैराश्य आहे. रोज दीर्घ श्वास घ्या, बरे व्हाल." वर ते चित्रण मिरवायला घरच्या ग्रुपवर टाकलं.

दुपारी त्याच्या मावशीचा फोन आला, तो त्यानं स्पीकरवर घेतला. "वजदी, मला नैराश्य आहे रे! भांडी तशीच ठेवलीत."

ताईनं चहाचा पेला खाली ठेवला. "काय डॉक्टरसाहेब, नाडी कधी बघितलीत? आता माझं वाच तिला."

वजदीनं पडेल चेहऱ्यानं वाचलं, "झोप येत नाही तेव्हा रात्र फार लांबते. बऱ्याच जणांचं असं होतं. सावकाश श्वास घेतल्यावर काहींना जरा हलकं वाटतं. तुम्हाला नाही वाटलं, तर तुमचं काही चुकलं नाही. रोजच असं होत असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला."

"हे काय, मिळमिळीत!" वजदी पुटपुटला.

 फोनवर मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे जागी मी एकटीच नसते?"