गाठी असलेलं मूळ

राजकन्या मॅडमना दहावीचं जीवशास्त्र शिकवायचं होतं. त्यांचं शिकवणं बघायला अर्धापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक आज नववीच्या मागच्या बाकावर येऊन बसले होते. पाठ सहजीवनाचा. नमुन्यासाठी मॅडमनी नवऱ्याकडून परसातलं गाठी असलेलं मूळ मागवलं होतं. त्याने पिशवीत मावावं म्हणून वरचं झाड छाटूनच दिलं.

“चवळीच्या या गाठींतले जिवाणू झाडाला नत्र देतात, झाड त्यांना साखर देतं. दोघांचा फायदा,” मॅडम ऐटीत म्हणाल्या. “गाठ नखाने अलगद निघते, आतून गुलाबी असते. बघ गं काढून.”

पहिल्या बाकावरच्या दिपालीने बराच जोर लावला. “मॅडम, निघंना. मूळच सुजलेलं हाय, आतून पांढरं.”

मॅडमनी मूळ हातात घेऊन निरखलं. हे चवळीचं नव्हे, वांग्याचं मूळ होतं. ‘घरचं वांगं ओळखता येईना अन् निघालीस दहावी शिकवायला,’ त्यांनी मनातच स्वतःला फटकारलं.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “या सूत्रकृमींच्या, मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांच्या गाठी. ते झाडाचंच खातात, देत काही नाहीत, झाड खंगतं. हे परजीवी.”

मुख्याध्यापक हसू दाबत उठले. “एका मुळात अर्धा धडा झाला. राहिलेला, दोघांच्या फायद्याचा, उद्या बघतो.”

“हाव सर. चवळी मात्र मीच उपटीन.”