फुंकायची की मारायची

"मार रे! मारूकच जाय तुका!" मी असा ओरडलो की खाणीवर लोडिंगला उभ्या ट्रकांच्या रांगेतले सगळे ड्रायव्हर खाली उतरले. ती रांग त्या दिवसांत डिचोलीपासून सुरू व्हायची आणि शेपूट लिस्बनला असायचं. समोर माझा जोडीदार बसला होता. सावंतवाडीकडचा. एका ट्रकावर आम्ही दोघे, एक दमला की दुसरा.

मध्ये फळीवर खडूने आखलेला पट होता. चौसष्ट घरं, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, माझी उताणी, त्याची पालथी. खेळ दामा, म्हणजे शाळेतल्या पोरांचं चेकर्स. त्याला तो खेळ मीच शिकवला होता आणि आता तो मला दहात सात वेळा हरवायचा. इतरांना आम्ही उलटं सांगायचो.

पण त्या दुपारचा डाव गंमतीचा नव्हता. शिरगावची जत्रा जवळ आली होती. मालकाने सांगितलं होतं, दोघांपैकी एकालाच सुटी, कोण ते तुम्हीच ठरवा. जोडीदाराची बायको बाळंतपणात मरता मरता वाचली होती, आणि त्याने देवीला धोंड होण्याचा, निखाऱ्यांवरून चालण्याचा नवस केला होता. मी म्हटलं, माझाही नवस आहे. नवस बिवस काही नव्हता. मला नवा शर्ट घालून जत्रेत मिरवायचं होतं, एवढंच. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"मग पटावर ठरवूया," तो म्हणाला. त्याचा माझ्यापेक्षा पटावर जास्त विश्वास.

आमच्या रांगेत एक रीत होती. मारता येत असताना मारलं नाहीस, तर समोरचा तुझी ती न मारणारी सोंगटी फुंकून पटाबाहेर काढतो. एक जाते, खेळ पुढे चालतो. म्हणून समोरच्याने आमिष टाकलं तर शहाणा माणूस मारत नाही, एक फुंकू देतो. पुस्तकात मात्र मारणं सक्तीचं, दुसरी चाल चालतच नाही. हे मला माहीत होतं. म्हणून वजनकाट्यावरच्या कारकुनाला पंच बसवताना मी सहज म्हटलं, "पुस्तकाप्रमाणे हां, बाब." जोडीदाराने मान डोलावली. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे आमची रांगच.

दोघांच्या सहा-सहा सोंगट्या उरल्या. मी एक झाकण तिरपं पुढे सरकवलं, नेमकं त्याच्या झाकणासमोर. ते जिथून निघालं ते घर मागे रिकामं. त्याने मारलं की त्याचं झाकण तिथेच उतरणार. तिथून त्याला पुढे उडी नाही, कारण मागच्या रांगेत माझी भरती. पण माझ्या मागच्या झाकणाला मात्र त्याच्यावरून एक उडी, मग डावीकडच्यावरून दुसरी, मग उजवीकडच्यावरून तिसरी, आणि थेट शेवटच्या रांगेत. एक देऊन तीन, वर राजा.

त्याने पाहिलं. त्याला दिसतच होतं. त्याने मारलं नाही, डावीकडचं झाकण बाजूला सरकवलं. माझ्या उड्यांची साखळी तुटली. "माझी फुंक," तो म्हणाला, "जाऊ दे एक."

तेव्हाच मी ओरडलो.

"रांगेत फुंकतत मा?" तो म्हणाला.

"पुस्तकाप्रमाणे ठरलंय, विचार बाबाक!"

कारकुनाने चष्मा पुसला. "पुस्तकात मारूकच जाय. ही चाल परत घे."

जोडीदाराने झाकण परत ठेवलं. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पटाकडे. मग मारलं. मी टक टक टक तीन उडवली. रांगेत असा जल्लोष झाला की डोंगरावरचा खनिजाचा ढीग वीतभर खाली बसला असेल. माझी झाली पाच, त्यात एक राजा, त्याची तीन. पुढे काय उरलं होतं?

जत्रेत मी नवा शर्ट घातला. धोंड वेताच्या काठ्या घेऊन निखाऱ्यांवरून गेले, मी दोरीमागे उभा राहून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. आजवर सगळ्यांना सांगत आलो की मीही चाललो, फोड दाखवायला पाय पुढे करतो. ते फोड नव्या चपलेचे होते.

परत आलो तेव्हा तो ट्रकाखाली पान्याने नट आवळत होता. पाच दिवस त्याने धोंडांसारखं सोवळं पाळलं, एकवेळ जेवला, आणि गाडी हाकली. निखाऱ्यांऐवजी खाणीची वाट.

मी प्रसाद पुढे केला आणि का कोण जाणे, खरं बोललो. "माझा नवस नव्हताच."

त्याने हात पुसले. "माका म्हायत होता. डिझेल भरतंस?"