जॉइनिंग पुढं ढकलण्याचा अर्ज

आमच्या बाबांना अर्ज लिहायचं भारी वेड. जिल्हा परिषदेत कारकुनी करत त्यांची हयात गेली, आणि तिथून ते एकच गोष्ट पक्की शिकून आले होते, की साहेबापुढं कागद गेला की तो वाकूनच गेला पाहिजे. शहराच्या कडेला सातारा नावाच्या भागात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि पाण्याचा पत्ता नव्हता. टँकरसाठी, रस्त्यासाठी, दिव्यासाठी सगळ्या सोसायटीचे अर्ज बाबाच लिहायचे. एकाही अर्जाचं कधी काही झालं नाही. पण अर्ज सुरेख होता, असं सगळे म्हणायचे, आणि बाबांचं तेवढ्यावर भागायचं.

ती दुष्काळाची वर्षं होती. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वाळूजच्या कंपन्यांत पाळ्या कमी झालेल्या, कॉलेजात भरतीला कुणी फिरकत नव्हतं. अशात गाड्यांचं वायरिंग बनवणारी एक कंपनी आली आणि तिनं क्वालिटी विभागात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी दोघांना घेतलं. एक मी, दुसरा माझ्याच वर्गातला फुलंब्रीचा मुलगा, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारा. सहा महिने नीट काम केलं तर तिथंच ट्रेनी इंजिनिअर म्हणून ठेवून घेतात, असं प्लेसमेंटच्या सरांनी सांगितलं होतं. आम्ही दोघांनी होकाराची मेल पाठवली. परीक्षा संपली की लगेच येणाऱ्या सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी मनातल्या मनात डबासुद्धा भरून ठेवला होता.

आणि विद्यापीठानं सुधारित वेळापत्रक लावलं. परीक्षा दोन आठवडे पुढं. म्हणजे रुजू व्हायचा सोमवार बरोबर पेपरांच्या मधोमध आला. पेपर बुडवला तर पदवी हिवाळ्यापर्यंत लटकली, आणि पदवी नसलेल्याला ट्रेनी कोण करणार?

प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. ते पंख्याखाली घाम पुसत बसले होते. म्हणाले, "यात काय घाबरायचं? एचआरला मेल करा. परीक्षा पुढं गेली, दोन आठवडे उशिरा जॉइन होऊ द्या. वेळापत्रकावर परीक्षा विभागाचा शिक्का घ्या, ते जोडा, मला कॉपी ठेवा. दोन ओळी पुरे. कादंबरी लिहू नका."

फुलंब्रीच्या मुलानं तिथंच कट्ट्यावर बसून मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि पाठवूनही दिल्या. मी म्हटलं, "अरे, एकदा वाचून तरी बघ." तो म्हणाला, "त्यात काय वाचायचं? पेपर हाय, येता येत नाय. झालं." मला हा त्याचा अडाणीपणा वाटला, खरंच वाटला. मी म्हटलं, घरी जाऊन व्यवस्थित लिहिते.

घरी व्यवस्थित लिहिणारे वाटच बघत होते. बाबांनी चष्मा लावला, पाठकोरा कागद घेतला आणि कार्यालयीन इंग्रजीत मसुदा सुरू केला. आरंभी आदरपूर्वक विनंती, मग कंपनीनं दिलेल्या संधीबद्दल ऋण, मग विद्यापीठाच्या निर्णयामुळं उद्भवलेली अपरिहार्य परिस्थिती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरगी नोकरीला चाललीय, तुमच्या जिल्हा परिषदेच्या सीईओंना निवेदन देत नाहीये." बाबा हसले, पण पेन थांबलं नाही. आणि शेवटी त्यांनी ते वाक्य लिहिलं. तथापि, आपणांस यामुळे काही गैरसोय होत असल्यास मी मूळ तारखेस रुजू होण्यास तयार आहे.

मी म्हटलं, "बाबा, पण मी तयार नाहीये. त्या आठवड्यात पेपर आहेत."

"अगं, ते तसं लिहायचं असतं."

"का पण?"

"आपण मागणारे, ते देणारे. मागतानाही आपण अडून बसलो नाही, हे दिसलं पाहिजे. नाहीतर समोरच्याला वाटतं, आत्ताच ही अशी, पुढं काय करील. तीस वर्षं बघतोय मी. ही ओळ वाचून साहेबाला बरं वाटतं आणि तो वरची विनंती मंजूर करतो. खालची ओळ कुणी धरत नाही."

तोंडात आलं होतं, की तुमच्या किती विनंत्या मंजूर झाल्या ते सांगा. पण ते इतक्या हौसेनं लिहीत होते की माझ्यानं बोलवलं नाही. शिवाय वाटलं, असेलही तशी पद्धत. मला ऑफिसातलं काय कळत होतं? मी सगळा मसुदा जसाच्या तसा टाइप केला, शिक्क्याचं वेळापत्रक जोडलं आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एचआर मॅडमनी गोड इंग्रजीत लिहिलं होतं, की तुम्ही दाखवलेल्या समजूतदारपणाबद्दल मनापासून आभार, तुमची रुजू होण्याची तारीख मूळचीच कायम ठेवत आहोत, येताना मूळ कागदपत्रं, फोटो आणि सेफ्टी शूजचं माप आणावं. मी ते तीनदा वाचलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे विनंतीवर निर्णय व्हायचाय अजून." मी म्हटलं, "झालाय बाबा. हाच निर्णय आहे."

फुलंब्रीच्या मुलाला दोन आठवडे मिळाले होते.

प्लेसमेंटच्या सरांनी माझी मेल उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे शेवटचं कुणी घालायला सांगितलं?" त्यांनी लगेच मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडम अजिबात तुसड्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "सर, त्या आठवड्यात आमच्याकडं कस्टमरचं ऑडिट सुरू होतंय. क्वालिटीच्या हेडला दोघांपैकी एक तरी इंटर्न पहिल्या दिवसापासून हवाच आहे. एकानं येता येणार नाही म्हटलं, दुसरीनं येऊ शकते म्हटलं. मग त्याला दिली सूट, हिला ठेवलं. हिनं तसं लिहिलं नसतं तर मी हेडशी दोघांसाठी बोलले असते. आता हेडनी तिचं नाव ऑडिटच्या कामात लावलंय."

म्हणजे त्याला सूट मिळाली ती माझ्या वाक्यावर. माझ्या कसल्या, बाबांच्या.

तो मुलगा तिथंच उभा होता. बिचारा ओशाळला. म्हणाला, "मी परत लिहू का, तिला द्या म्हणून?" पण त्याचेही तेच पेपर, त्याच तारखा. त्याच्या घरी तर पदवी म्हणजे पहिलीच. मी म्हटलं, "गप बस, तू कशाला लिहितोस." हे मी मोठ्या मनानं म्हटलं असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा, बाबांचा, विद्यापीठाचा, सगळ्यांचाच संताप आला होता.

सर म्हणाले, समक्ष जाऊन भेट, समोर माणूस आला की फरक पडतो. बाबा म्हणाले, मीही येतो. नको म्हटलं तरी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. रेल्वे स्टेशनवरून शेअर रिक्षानं वाळूजला गेलो. रस्ताभर टँकरच्या रांगा, आणि त्यांच्यामागं नव्या वसाहतींचे मोठाले फलक. बाबा वाटेत मॅडमना काय बोलायचं ते पुटपुटत होते. मला तेव्हा त्यांची कीव आली आणि राग काही कमी झाला नाही, दोन्ही एकदम.

गेटवर वॉचमननं नाव लिहून घेतलं, "मॅडम मीटिंग में है, बैठो" म्हणाला. आम्ही बसलो. बऱ्याच वेळानं मॅडम स्वतः खाली रिसेप्शनला आल्या. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. मी अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कळतंय. पण मी परवाच हेडना सांगितलंय की ही मुलगी येतेय. आता नाही म्हटलं तर ते दुसरं कुणीतरी मागणार. दुसऱ्या एका कॉलेजची परीक्षा होऊन गेलीय, तिथली मुलं मोकळी आहेत."

बाबा पुढं सरकले. हात जोडूनच म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. ते शेवटचं वाक्य मी घातलं. तसं लिहायची पद्धत असते हो. ते काही तसं धरायचं नसतं."

मॅडम त्यांच्याकडं वळल्या. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच विचारायचं होतं.

"काका, मग त्या मेलमधलं कुठलं वाक्य मी खरं धरायचं होतं?"

मला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील, निदान नेहमीसारखं हसतील. त्यांनी नुसते जोडलेले हात खाली घेतले. मीच म्हटलं, "चला बाबा."

निघताना मॅडम म्हणाल्या, "पेपर सोडू नकोस हां. फक्त येऊ शकत नाही अशी एक मेल टाक, म्हणजे मला जागा दुसऱ्याला देता येईल." त्याही काही वाईट नव्हत्या. वाईट कुणीच नव्हतं, तेच तर झालं ना. भांडायला कुणी सापडेना.

घरी आईनं तोंडं बघितली आणि मुकाट्यानं चहा टाकला. मी आतल्या खोलीत बसून मेल लिहायला घेतली. परीक्षेमुळं मूळ तारखेस रुजू होऊ शकत नाही, एवढंच. हे वाक्य मला पहिल्या दिवशीच लिहिता आलं असतं, आणि तेव्हा त्यानं मला नोकरी दिली असती. आता त्याच वाक्यानं ती जाणार होती.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. मी मान वर केली नाही. वाटलं, दाखव म्हणतील, एखादा शब्द सुचवतील, निदान आभार तरी मानलेस का विचारतील. मी तर ठरवूनच बसले होते, विचारलं की फाडकन बोलायचं.

मी मेल पाठवली. चहा निवायच्या आत उत्तर आलं, नोंद घेतली म्हणून.

"आलं का?" बाबांनी विचारलं.

"आलं."

"काय म्हणतात?"

"नोंद घेतली म्हणतात."

"बरं," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला वाचून दाखवू नकोस."