एका माणसाच्या दोन ओळी

अरुंधती केळकर भोसरीच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा तिचं लग्नाचं वय सरत आलं होतं, आणि घरात त्या विषयावर बोलणं बंद झालं होतं. चिंचवडगावात दोन खोल्या, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील आणि कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ मुकुंद. नोकरी तिला हवी होती म्हणण्यापेक्षा घराला हवी होती.

हात मात्र तिचा सुरेख होता. टायपिंगच्या क्लासात सगळ्या मुली पत्रं वेगात काढायच्या, पण स्टेटमेंट आलं की रडायच्या. रकाने मोजा, मशीनवर खुणा लावा, आकडा आकड्याखाली आला पाहिजे. अरुंधतीला तेच आवडायचं. पसरलेलं काहीतरी ओळीत बसलं की तिला बरं वाटायचं. कारखान्यात पंपाचे सुटे भाग होत. तिथे रुंद कागद बसेल असं लांब कॅरेजचं एक जुनं टाइपरायटर मशीन धूळ खात पडलं होतं. ते तिने स्वतः पुसून घेतलं, आणि मग मोठे तक्ते सगळे तिच्याकडेच येऊ लागले.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. युनियन पुन्हा जागी झाली होती. गेटवरून रोजच्या गरजेपुरते घेतलेल्या बदली कामगारांपैकी ज्यांचे वर्षभरात कायद्याप्रमाणे दिवस भरले असतील त्यांना कायम करा, अशी मागणी आली. व्यवस्थापन म्हणालं, भरले असतील तर करू. पण भरलेत की नाही हे कोणालाच सांगता येईना, कारण बदली कामगारांचं हजेरीचं मस्टरच नव्हतं. होती ती फक्त गेटवरची यादी. रोज प्रत्येक पाळीला गेटवरचा कारकून आत घेतलेल्या बदली माणसांची नावं टाइप करायचा, वर तारीख घालायचा, की झालं. आला त्याचं नाव कागदावर, न आलेल्याचं कुठेच नाही.

पर्सोनेल ऑफिसर शरच्चंद्र बर्वे यांनी त्या याद्यांचा गठ्ठा अरुंधतीच्या टेबलावर ठेवला.

"केळकर बाई, ह्याचा तक्ता करा. महिन्याला एक कागद. डावीकडे नावं, वर तारखा. आलेला असेल तिथे पी, नसेल तिथे ए. बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे."

तिने आधी पेन्सिलीने कच्चं काम केलं. सगळ्या याद्यांतली वेगवेगळी नावं काढली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने डावीकडे उभी लिहिली. वर तारखा आडव्या. गुरुवारचे रकाने रेघ मारून बंद केले. भोसरीत सुट्टी गुरुवारची, त्या दिवशी कोणाला गैरहजर म्हणणं अन्याय झाला असता. मग एकेक यादी घेऊन नावापुढे, त्या तारखेखाली पी. महिना संपला की उरलेल्या रिकाम्या चौकोनांत ए. शेवटी प्रत्येक उभ्या रकान्यातले पी मोजायचे आणि त्या दिवसाच्या याद्यांतल्या नावांशी ताडून बघायचे. सगळे जुळले. त्या संध्याकाळी ती खूश होती.

पक्कं टाइप करण्याआधी नावांची स्पेलिंगं तपासायला ती गेटवर गेली. पहिल्या पाळीचे कारकून उद्धवराव चहा पीत बसले होते. नावं वाचता वाचता ते एका ठिकाणी थांबले.

"हा ज्योतीराम सोपान कोण काढलात तुम्ही?"

"दुसऱ्या पाळीच्या यादीत आहे."

"अहो, तो आपला शेळके. ज्योतीराम सोपान शेळके. मी जे. एस. शेळके टाइप करतो, दुसऱ्या पाळीचा कारकून आडनाव न लिहिता नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहितो. बीडकडचा आहे बघा, उंच, भट्टीवर असतो. एकच माणूस."

अरुंधती परत आली आणि तिने कच्चे कागद पसरले. जे. एस. शेळके एसमध्ये होता, ज्योतीराम सोपान जेमध्ये. मध्ये बरीच नावं. म्हणून तिच्या लक्षात आलं नव्हतं. रकान्यांची बेरीजही कशी चुकणार? त्या दिवशी एक माणूस आला, एक पी पडला. तो कोणत्या ओळीत पडला हे बेरजेला काय कळतं? तिने दोन्ही ओळी पट्टीने एकीखाली एक धरल्या. एकीत पी तिथे दुसरीत ए. आठवडा पालटला, पाळी बदलली, की उलट. दोघे एका दिवशी कधीच हजर नव्हते. ओळी एकत्र केल्या तर ज्योतीरामचे दिवस पुरून उरत होते. वेगळ्या ठेवल्या तर दोघेही अर्धेमुर्धे, निम्मा वेळ दांडी मारणारे.

तिने एक ओळ केली आणि पक्का तक्ता बर्व्यांकडे नेला. खाली बारीक टीपही टाइप केली होती: ही दोन नावं एकाच माणसाची आहेत.

बर्व्यांनी टीप वाचली. "हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"सर, उद्धवरावांनी गेटवर सांगितलं. आणि ओळींवरूनही दिसतं."

"उद्धवरावांना बोलवा."

उद्धवराव आले. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मी तसं नक्की म्हणालो नाही, साहेब. असेल म्हणालो. गेटवर एवढी माणसं येतात, कोण कोणाचा..."

"बघा," बर्वे म्हणाले, आवाज न चढवता. ते चिडणारे गृहस्थ नव्हते. "यादीत दोन नावं आहेत. तक्त्यात दोन नावं. तुमचं काम उतरवायचं. माणसं जुळवायचं नाही."

"सर, त्याला बोलावून विचारलं तर?"

"तो काय सांगणार? कायम व्हायचं असेल तर तो चार नावं माझीच म्हणेल."

अरुंधती तेव्हा प्रोबेशनवर होती. तिने तक्ता पुन्हा टाइप केला, दोन ओळींचा. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा एक कागद फुकट गेला.

पण ती गप्प बसली नाही. त्या तक्त्यावरून कायम करायच्यांची यादी ठरली, त्याच आठवड्यात युनियनच्या सयाजी काळजेंना कॅन्टीनच्या दारात गाठून तिने सगळं सांगितलं. सयाजी इथलेच, भोसरीचे. जमीन एमआयडीसीत गेलेली, बोलायला सरळ.

"ताई, तुमचं खरं आसंल. न्हाई म्हनत न्हाई. पन यादी मान्य झालीया. आमी आनि सायबांनी दोघांनी. आता येका मानसापायी ती उघडली, की ते आमची दुसरी धा नावं उकरून काढत्याल. त्यातली समदी सोन्यासारखी न्हाईत."

"म्हणजे त्याचा बळी द्यायचा?"

"बळी कशाला? बदली म्हनून येत ऱ्हाईल की. पुढच्या टायमाला बघू."

पुढची वेळ आलीच नाही. तक्ता हातात आल्यावर व्यवस्थापनाने त्याचा आणखी एक उपयोग काढला. ज्यांच्या ओळीत ए फार, त्यांना अनियमित ठरवून कमी करायचं. पत्रं निघाली. टाइप करायला अरुंधतीकडेच आली. एक जे. एस. शेळके यांना, एक ज्योतीराम सोपान यांना. दोन्ही पत्त्यांची जागा तिने रिकामी ठेवली आणि बर्व्यांना विचारलं, पत्ता काय घालू? त्यांनी गेटवरून मागवून घेतला. दोन्ही नावांचा पत्ता एकच निघाला: दिघीतली एक पत्र्याची खोली.

"सर, आता तरी..."

"एका खोलीत चारचार जण राहतात, बाई."

शिपायाने दोन्ही पत्रं एकाच दारात एकाच माणसाला दिली. एका नोकरीवरून त्याला दोनदा काढण्यात आलं. ज्योतीरामची बायको केसरबाई शेजारच्या मुलीकडून दोन्ही वाचून घेत होती आणि तिला वाटलं, दुसऱ्यात काहीतरी वेगळं असेल. म्हणून तिने ते परत एकदा वाचायला लावलं.

प्रकरण लवादापुढे गेलं. ज्योतीरामच्या नात्यातल्या कोणी वकील पाहिला. तारखा पडत गेल्या. अरुंधतीचे वडील गेले, मुकुंदला नोकरी लागून तो ठाण्याला गेला, ती कायम झाली, तरी निकाल नव्हता. अखेर ज्योतीरामच्या वकिलाने साक्षीला तिला बोलावलं. कंपनीच्या नोकरीत राहून कंपनीविरुद्ध बोलायचं होतं. मुकुंदने पत्र लिहिलं, ताई, तुला काय पडलंय. ती गेली.

तिने ओळी कशा पडतात, रकान्यांची बेरीज का चुकत नाही, दोन्हींतले पी एकमेकांना कसे चुकवतात, सारं नीट सांगितलं. लवाद लक्ष देऊन ऐकत होते. मग कंपनीचे वकील उठले.

"त्या दिवसांपैकी एकाही दिवशी तुम्ही या माणसाला कामावर पाहिलंत?"

"नाही. मी ऑफिसात असते."

"दोन भाऊबंद आळीपाळीने एकेक आठवडा कामाला आले, तर तक्ता कसा दिसेल?"

अरुंधतीने मनात दोन्ही ओळी पुन्हा एकीखाली एक धरल्या. "असाच दिसेल," ती म्हणाली.

दुसरं काही म्हणता आलं असतं का, हे तिने पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. पण सांगितलेलं खरं होतं. उद्धवराव निवृत्त होऊन गावी गेले होते. ते आले नाहीत. दावा फेटाळला गेला.

बाहेर पडवीत ज्योतीराम उभा होता. भट्टीपुढे रापलेला चेहरा, पण अंग खंगलेलं. तो तळवड्याजवळ विटांच्या गाडीवर हमाली करायचा. अरुंधती त्याच्यापाशी गेली. निदान तो म्हणेल, बाई, तुम्ही तरी आलात.

तो म्हणाला, "बाई, तुमी त्यो तक्ता केलाच नसता तर बरं व्हतं."

"मी तुमच्यासाठीच..."

"त्ये खरं हाय. पर यादीत मी आलेलाच व्हतो. रोज आलेला. न आलेला मी कुठंच लिवलेला नव्हतो. मला गैरहजर तुमच्या मशीननं केलं."

केसरबाईने नवऱ्याचा दंड धरला, "चला, बस जाईल," आणि दोघं निघून गेले. त्यानंतर ती त्यांना कधी भेटली नाही.

साक्षीनंतर बर्व्यांनी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त लांब कॅरेजचं मशीन दुसऱ्या मुलीकडे गेलं आणि अरुंधतीला डिस्पॅचला बसवलं, पाकिटांवर पत्ते टाइप करायला. कारखान्यात पुढे पंचिंगचं घड्याळ आलं, प्रत्येकाला नंबराचं कार्ड मिळालं, आणि नावांची भानगड मिटली. जुने कामगार म्हणायचे, आता कसं चोख झालं. ती मान हलवायची.

एकदा नव्या मुलीने तिला विचारलं, "केळकर बाई, तक्त्यात तुमचा हात फार चांगला होता म्हणतात. शिकवा ना मला. रकाने सरळ यायला काय करायचं?"

अरुंधतीने पाकीट मशीनमधून काढलं, पुढचं चढवलं. "रकाने आपोआप सरळ येतात," ती म्हणाली. "त्याला काही लागत नाही. ओळ कोणाची आहे, ते बघावं लागतं."